हिरव्या फडक्यातला अर्ज

परदेशातल्या नोकरीसाठी मी केलेला पहिला अर्ज माझे वडील पिऊन गेले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ऐकणारा हसला असता, आणि त्यात त्याची काही चूक नसती. मला मात्र अजूनही पितळेच्या वाटीत गढूळ पाणी दिसलं की मी वाटी उचलून मोरीत ओतून येते.

पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. आमचं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात जायच्या बेतात होतं आणि जो तो त्यावर बोलत होता. मी वाशीमच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. आम्ही माळी. वाशीमबाहेर ओढ्याच्या काठाला आमचं घर आणि मळा होता, वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं पिकवून बाबा आणि माझा भाऊ बाजारात नेत. माझं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि चौदाव्या वर्षी संपलं. नवरा सापानं गेला. आमच्यात विधवेचा पाट लावायची रीत होती, स्थळंही येत होती. पण बाबांनी कुणाचं ऐकलं नाही. मला सातवीपर्यंत शिकवलं आणि वय भरताच नागपूरला नर्सिंगला घातलं. पोरगी परजातीच्या पुरुषांची अंगं पुसणार म्हणून भाऊबंदांनी दोन वर्षं आमच्याकडचं जेवण सोडलं होतं. बाबा म्हणायचे, बरं झालं, भाकरी वाचल्या.

इतकं ज्यानं केलं त्याला न सांगता मी कुवेतला जायचा घाट घातला होता. कारण विचाराल तर मी काही फार मोठं सांगू शकणार नाही. मला कंटाळा आला होता. आमच्या दवाखान्यात ऑपरेशनचं टेबल होतं, पण त्यावर बहुतेक वेळा औषधांची खोकी असत. पाटासाठी माय पुन्हा मागे लागली होती. आणि नागपुरात माझ्यासोबत शिकलेली मैत्रीण कुवेतच्या एका दवाखान्यातून पत्रं पाठवत होती. तिथे नवा विभाग उघडणार होता, नर्सेस हव्या होत्या. ती लिहायची, इंग्रजी अर्ज भाषांतरासाठी कारकुनाकडे पडून राहतात, अरबीत लिहिलेला सरळ संचालकांच्या टेबलावर जातो. महिनाअखेरच्या आत पोचव. आणि एकटी बाई आहेस, तेव्हा वडिलांच्या संमतीनं अर्ज करते आहे, असं एक वाक्य आठवणीनं घाल.

वाशीममध्ये कुराण वाचणारे पुष्कळ होते, अरबीत पत्र लिहिणारा एकही नव्हता. मंगरूळपीरला दर्ग्याजवळ एक वयस्क मौलवी राहत. तरुणपणी ते मुंबईला एका अरब व्यापाऱ्याकडे मुन्शी होते आणि बसऱ्याला जाणारी त्याची पत्रं लिहीत. बाबा मंगरूळच्या बाजारात भाजी नेत तेव्हापासून त्यांची ओळख होती.

मी निघाले त्या दिवशी बाबांना ताप होता. चौथा दिवस. मी हिवताप समजून कोयनेल दिलं होतं. आज हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, कारण त्यांच्या जिभेवरचा पांढरा थर मी पाहिला होता. पाहिला आणि पुढे विचार केला नाही, कारण मला मोटार गाठायची होती.

"मंगरूळले जाऊन येतो," मी मायला म्हटलं. "मौलवीसायबाकडे काम हाय."

माय माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असं ती फारसं करत नसे. मला वाटलं, बाबांच्या तापानं ती हळवी झाली असेल.

मौलवीसाहेबांनी आधी माझी सर्टिफिकिटं मागितली, मैत्रिणीचं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि मग कितीतरी प्रश्न विचारले. शिक्षण किती वर्षांचं, बाळंतपणाचं वेगळं सर्टिफिकिट आहे का, कोणत्या वॉर्डात किती काम केलं. मोठ्या साहेबांना लिहिलेले अर्ज मी नागपुरात पाहिले होते, त्या थाटात चार वाक्यं सांगून पाहिली. आपल्या थोर संस्थेची कीर्ती ऐकून, आपल्या चरणी, वगैरे. त्यांनी बोरू खाली ठेवला.

"बेटी, हे दरखास्त हाय. दरखास्तीत तारीफ कमी अन् मतलब साफ पायजे. वाचणाऱ्याले एका नजरेत कळलं पायजे, तू कोन, तुले काय येते अन् तुले काय पायजे."

त्यांनी उजवीकडून लिहायला सुरुवात केली. आधी कच्चं, मग पक्कं. मध्ये एकदा थांबून म्हणाले की बाईच्या तर्फेनं असं पत्र आपण जन्मात लिहिलं नाही, स्वतःसाठीचे कितीतरी शब्द बाईचे करावे लागतात, सवयीनं हात पुरुषाकडे जातो. मग त्यांनी मला ते वाचून, अर्थ लावून दाखवलं. तो अर्थ मी तेव्हाच वहीत उतरवून घेतला होता, म्हणून आजही सांगू शकते.

अल्लाहच्या नावाने, जो कृपाळू व दयाळू आहे. माननीय रुग्णालय संचालक यांस. आपणांस सलाम. यानंतर: आपल्या रुग्णालयातील परिचारिकेच्या जागेसाठी मी हा अर्ज सादर करीत आहे. मी नागपूर येथे परिचर्येचे तीन वर्षांचे आणि त्यानंतर प्रसूतीचे शिक्षण पूर्ण केले असून गेली पाच वर्षे सरकारी रुग्णालयात स्त्रियांच्या व पुरुषांच्या विभागांत काम केले आहे. मला इंग्रजी येते, आणि आपली भाषा शिकण्याची माझी तयारी आहे. हा अर्ज मी माझ्या वडिलांच्या संमतीने करीत आहे. प्रमाणपत्रांच्या नकला सोबत जोडल्या आहेत. आपल्या उत्तराची वाट पाहत आहे. आपण माझ्या परम आदराचा स्वीकार करावा.

बस, इतकंच. खाली सहीला जागा. मला ते फार कोरडं वाटलं होतं. पुढे तिथे अर्ज चाळायचं काम माझ्याकडेही आलं, तेव्हा कळलं की ते किती नेमकं होतं.

संमतीचं वाक्य लिहिण्याआधी त्यांनी मान वर करून विचारलं होतं, "बाबा राजी हायेत ना?"

"हाय," मी म्हटलं. तोंडातून सहज निघून गेलं.

आणि पहिल्या ओळीबद्दलही त्यांनी विचारलं. "तू हिंदू हायेस. वर बिस्मिल्ला लिवू का? रीत हाय तशी. पन तुले नको असंन तर नुसता सलाम लिवतो." मी म्हटलं, लिहा, देवाच्या नावाला माझी काय हरकत.

त्या एका ओळीमुळे पुढचं सगळं झालं. ज्या कागदावर ते नाव आहे तो जमिनीवर पडू नये, पायाशी येऊ नये, सामानाखाली दबू नये, असा त्यांचा शिरस्ता. किताबांना गुंडाळायच्या हिरव्या कापडाचा एक तुकडा फाडून त्यांनी घडी केलेलं पत्र त्यात बांधलं, वर काळा दोरा गुंडाळला आणि सांगितलं, "घरी उंच जागी ठेवजो. सही तुह्या पेनानं कर अन् मंग लखोट्यात घाल."

मी घरी आले ती दिवेलागणीला. बाबांचा ताप उतरला नव्हता. नाडी पाहिली. तापाच्या मानानं ती मंद होती, आणि त्या नाडीनं मला सगळं सांगितलं. मी हातातली पुडी देवांच्या वरच्या कोनाड्यात ठेवली आणि डॉक्टरांकडे धावले. टायफॉइड. क्लोरोमायसेटीनच्या कॅप्सूल अकोल्याहून मागवाव्या लागल्या. बाबा दवाखान्यात यायला तयार नव्हते. डॉक्टर म्हणाले, घरात नर्स आहे, राहू द्या. पाणी उकळून, पातळ पेज, घन पदार्थ अजिबात नाही. मी मायला तीनतीनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून परतले तर माय ओट्यावर माझी वाटच पाहत होती. चेहरा उजळलेला. बाबांच्या दंडाला हिरवं फडकं बांधलं होतं. उशाशी पितळेची वाटी, तिच्या तळाशी राखाडी पाणी, आणि कडेला कागदाचा भिजून लिबलिबीत झालेला पांढरा गोळा.

"पाजलं," माय म्हणाली. "सारं उतरलं पान्यात. एक अक्षर नाई राह्यलं. तू काई सांगितलं नाईस, पन मले समजलं व्हतं तू कायले गेलतीस."

आमच्याकडे हे सर्रास चालायचं. लेकरू आजारी पडलं की दर्ग्यावर जायचं, मौलवीकडून लिहून आणायचं, काही तावीज बांधायचे, काही पाण्यात धुऊन पाजायचे. हिंदू काय आणि मुसलमान काय. मी स्वतः लहानपणी गोवरात असं पाणी प्यायले होते. हिरवं फडकं, काळा दोरा, मौलवीच्या हातची अक्षरं, घरात तापानं फणफणलेला माणूस. मायनं दुसरं काय समजायला हवं होतं?

तरी मी संतापले. पण बोलायला तोंड कुठे होतं? माझ्या मनात एकाच वेळी तीन गोष्टी आल्या, आणि पहिली बाबांची नव्हती, हे मी कबूल करते. पहिली महिनाअखेर. दुसरी शाई. कुठल्या कुठल्या शाईत हिराकस हा जहाल क्षार घालतात, आणि टायफॉइडच्या आतड्यांना जखमा असतात. तिसरी सुचली तेव्हा मी वाटी हातात घेतली.

"पानी कोनतं घेतलं?"

"विहिरीचं. ताजं काढलं." ती जरा दुखावून म्हणाली. "उकळेल पान्यात दुवा राह्यते का?"

त्यानंतरचे दिवस मी ताप मोजत काढले. दर चार तासांनी. चौथ्या दिवशी पारा खाली आला, पाचव्या दिवशी आणखी. कॅप्सूलनं उतरला, हे मला ठाऊक होतं. मायला ठाऊक होतं की कागदानं उतरला. शेजारपाजारच्या चौघी येऊन मौलवीचा पत्ता विचारून गेल्या. मी हसून वेळ मारून नेली, पण आत कुठेतरी मला बरं वाटत नव्हतं. टायफॉइड एकदा जाऊन परत येतो, हे मी वॉर्डात पाहिलेलं होतं.

सुट्टी मिळताच मी मंगरूळला गेले आणि मौलवीसाहेबांना खरं काय ते सांगितलं. आधी शाईचं विचारलं. दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक, ते म्हणाले, लेकरानं चाटली तरी काही होत नाही.

"दुसरं लिवून द्या," मी म्हटलं. "दिवस कमी राह्यले."

"लिवतो. पन पह्यलं तुह्या बोलावर लिवलं. आता त्या कागदातलं एक वाक्य तुह्या बाबाच्या पोटात गेलं बेटी. मले भेव वाटते. मी त्याईलेच इचारीन, मंग लिवीन."

मी गयावया केली. बाबा आजारी आहेत, त्यांना धक्का बसेल, मी स्वतः सांगेन. त्यांनी बोरू कलमदानात ठेवून दिला. परतीच्या मोटारीत मी त्यांच्यावर मनोमन चिडले होते. एका वाक्यासाठी हा म्हातारा माझं आयुष्य अडवून बसला, असं वाटत होतं. ते वाक्य खोटं आहे आणि ते मीच सांगितलं आहे, हे सोयीस्करपणे विसरले होते.

चार दिवसांनी मी ड्यूटीवर असताना ते आमच्या मळ्यात येऊन गेले. माय सांगत होती, बाबांजवळ बसले, गप्पा झाल्या, जाताना हात धरून दुवा दिली. तिला वाटलं, केवढा मोठा माणूस, आपल्या तावीजाचा गुण आला का पाहायला स्वतः आला. मी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. ते भिंतीकडे वळून पडले होते. मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि पेज ठेवायला गेले.

ताप उतरल्याच्या बाराव्या दिवशी सकाळी मी त्यांच्या कपाळाला हात लावला. ते गरम होतं. मी हात तसाच ठेवून उभी राहिले. माय चुलीजवळून पाहत होती. तिला थर्मामीटर वाचता येत नव्हतं, पण माझा हात वाचता येत होता.

"कागदाचा जोर सरला," ती म्हणाली. "जाय, दुसरा घेऊन ये. आजच जाय."

डॉक्टर येऊन पुन्हा कॅप्सूल सुरू करून गेले. मी त्यांना विहिरीच्या पाण्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, हा आजार तसाही उलटतो, त्या वाटीमुळे झालं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण त्या वाटीमुळे झालं नाही, असंही ते म्हणाले नाहीत. मग मी मंगरूळला गेले. मायसाठी का माझ्यासाठी, हे त्या दिवशी मलाही कुणी विचारू नये असं वाटत होतं.

पत्र तयार होतं. यावेळी मौलवीसाहेबांनी फडक्यात बांधलं नाही. साध्या लखोट्यात घालून दिलं आणि एवढंच म्हणाले, "आता हे खरं हाय."

मला कळलं नाही. की कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे.

घरी आले तेव्हा माय ओढ्यावर धुणं धूत होती. बाबांचे ओठ सुकले होते, पण नजर स्वच्छ होती. त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट केलं.

"आनला?"

मी मान हलवली.

"मौलवीले म्या इचारलं, त्या पान्यात काय व्हतं. तो मानूस खोटं बोलत नाई." ते थोडे हसले, मग दम लागला म्हणून थांबले. "तुही सारी नोकरी पेलो म्या. त्यात लिवलं व्हतं म्हने, बापाची मर्जी हाय."

मी रडायला लागले. वॉर्डात मी कधी रडले नव्हते, त्याबद्दल माझा लौकिक होता. मी म्हटलं, "बाबा, म्या खोटं लिवलं. मी नाई जात कुठी."

"खोटं कायले? मर्जी हायच. तुले नागपूरले धाडलं तवा काय चार कोसांवर बसवासाठी धाडलं व्हतं?" त्यांनी डोळे मिटले. "एक पेलो. हा डाकेत टाक. अन् मायले सांगू नको. तिनं लय भरवशानं पाजलं ते. तिले वाटू दे, तावीजच व्हता."

त्यांच्या देखत मी सही केली. सर्टिफिकिटांच्या नकला आत घातल्या. संध्याकाळच्या डाकेच्या आत पोस्टात जाऊन परदेशी हवाई टपालाचं तिकीट लावून लखोटा पेटीत टाकला. आत पडल्याचा आवाज झाला नाही, म्हणून मी पेटी हलवून पाहिल्याचं आठवतं.

मायला सांगितलं, मौलवीसाहेब भेटले नाहीत, परगावी गेलेत.

"उद्या जाशीन?"

"जाईन."

तिसऱ्या दिवशी पहाटे बाबा पोट धरून कळवळले. मी त्यांच्या पोटावर हात ठेवला. ते लाकडाच्या फळीगत कडक झालं होतं. नाडी धावत होती आणि अंग गार पडत चाललं होतं. आतडं फुटलं होतं. आमच्या दवाखान्यात त्यावर इलाज करणारं कुणी नव्हतं आणि अकोल्यापर्यंत तेवढा वेळ नव्हता. हे सगळं मला त्या एका हातात कळलं, तरी मी भावाला दवाखान्यासाठी बैलगाडी जुंपायला लावली. रस्ताभर माय एकच विचारत होती, मंगरूळकडून गाडी नेता येईल का. खोकी उचलून आम्ही त्यांना ऑपरेशनच्या टेबलावर ठेवलं. दुपारपर्यंत होते.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. अरबीत, टंकलेलं. मौलवीसाहेबांनी वाचून दाखवलं. माननीय भगिनी, आपला अर्ज मिळाला, आपली निवड झाली आहे. त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

घरी मी ट्रंक भरत होते. माय उंबऱ्यात बसली होती. बाबा गेल्यापासून ती कमी बोलायची. तिनं तो कागद मागितला, मी दिला. उजेडाकडे धरून तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. उलटा धरला होता.

"अशीच अक्षरं व्हती त्यावर," ती म्हणाली. "तो बी नोकरीचा कागद व्हता का?"

मायला सांगू नको, असं बाबांनी बजावलं होतं. शिवाय तिच्या हातानं पाजलेलं ते पाणी, तिचा तो उजळलेला चेहरा, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. पहिली ओळ तर देवाच्या नावाची होतीच, असं मी मनाशी म्हटलं.

"नाई माय. तो तावीजच व्हता."

तिनं मान डोलावली. कागदाची घडी करून माझ्या हातात दिली.

"गुण बी आलता त्याचा," ती म्हणाली. "मंग दुसरा काहून नाई आनला तू?"

मी ट्रंकेत साड्या रचत राहिले, आणि ती उत्तराची वाट पाहत तिथेच बसून होती.